हा फलादेश माझाच की कोणाचाही? घरच्या घरी तपासण्याची पद्धत

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीने तिच्या पत्रिकेवरून लिहून घेतलेला फलादेश मला वाचायला दिला. तीन पानं होती. "दादा, या माणसाने मला कधी पाहिलेलंही नाही, आणि बघ काय काय लिहिलंय," असं ती म्हणाली. पहिलंच वाक्य होतं, "तुम्ही मनाने हळव्या आहात, पण ते कोणाला दाखवत नाही." मी ते वाचलं आणि मलाही क्षणभर वाटलं, हे तर माझ्याबद्दल आहे. तिची रास वृश्चिक, माझी मिथुन. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, वेगळं, दशा वेगळी.

मी वडिलांकडून पत्रिका मांडायला शिकलो आहे, त्यामुळे या विषयाकडे मी बाहेरून बघत नाही. पण एकच वाक्य दोन वेगळ्या पत्रिकांना सारखंच लागू पडत असेल, तर ते पत्रिकेतून आलं असं म्हणता येत नाही. मग पत्रिकेतून खरोखर काय आलं, हे कसं ओळखायचं? बहिणीच्या त्या तीन पानांवर आम्ही जे करून पाहिलं, ते पायरीपायरीने सांगतो.

"अगदी माझंच" असं का वाटतं

१९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना शब्दशः एकच वर्णन दिलं होतं. त्यातली बरीचशी वाक्यं त्याने दुकानात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं, बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, कधी मोकळे असता तर कधी स्वतःत राहता, असा एकूण सूर. पुढे १९५६ मध्ये पॉल मील यांच्या एका लेखामुळे या प्रकाराला अमेरिकेतल्या बार्नम या सर्कसवाल्यावरून 'बार्नम परिणाम' हे नाव रूढ झालं.

यात विद्यार्थी भोळे होते असं मला वाटत नाही. वाक्यं खोटी नव्हतीच, ती खरीच होती, फक्त सगळ्यांसाठी खरी होती. आपण फलादेश वाचतो तेव्हा "हे मला लागू आहे का?" एवढंच विचारतो. "हे शेजाऱ्याला लागू नाही ना?" हा दुसरा प्रश्न मनात येतच नाही, कारण शेजाऱ्याचं आतलं मन आपल्याला दिसत नाही. त्यात जन्मतारीख, मिनिटापर्यंतची वेळ, जन्मगाव एवढं सगळं दिल्यावर उत्तर आपल्यासाठीच बेतलेलं असणार अशी खात्री आधीच झालेली असते. १९७४ साली रिचर्ड स्नायडर यांनी हे तपासलं. वर्णन तेच ठेवून, ते जन्माच्या नेमक्या दिवसावरून काढलंय असं सांगितलं तेव्हा लोकांनी ते जास्त जुळतं असं म्हटलं, आणि सर्वसाधारण म्हणून दिलं तेव्हा कमी.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतात.

फलादेश कागदावर हवा, समोरासमोर नको

समोर बसून ऐकलेलं भाकीत तपासता येत नाही. मंगळसूत्र आहे की नाही, वय काय, सोबत आई आली आहे की नवरा, आणि आपण पहिला प्रश्न नोकरीचा विचारतो की संततीचा, यातून अनुभवी माणसाला खूप कळतं. तो फसवतो असं नव्हे, त्याला स्वतःलाही ते कुठून सुचलं हे अनेकदा सांगता येणार नाही. पण आपल्याला पत्रिका तपासायची आहे. तेव्हा फक्त तारीख, वेळ आणि ठिकाण पाठवा आणि उत्तर लेखी मागवा. नाव, छायाचित्र, प्रश्न काहीही देऊ नका. जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्या. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, त्यामुळे "पहाटे कधीतरी" एवढ्यावर सुरुवात केलीत तर शेवटी सगळा दोष वेळेवर जाईल. ही वेळ पुरेशी अचूक आहे का, हे लिहिणाऱ्याला आधीच विचारा आणि त्याचा होकार जपून ठेवा.

वाक्यं सुटी करा

बहिणीच्या तीन पानांतून स्वतंत्र विधानं काढली तर ती वीस निघाली. बाकीचा मजकूर आशीर्वाद, उपाय आणि तेच तेच पुन्हा सांगणं होता. प्रत्येक विधान वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहिलं. यातली काही अशी:

"कष्टाच्या मानाने फळ उशिरा मिळते."
"पोटाचे किंवा पाठीचे दुखणे अधूनमधून त्रास देते."
"घराण्यात पूर्वी जमिनीवरून वाद झाला आहे."
"शिक्षणात एकदा खंड पडला."
"लहान वयात घरापासून दूर राहावे लागले."

पट्ट्या झाल्यावर प्रत्येक विधानाचं उलट वाक्य करून पाहा. "तुम्ही हळव्या आहात पण दाखवत नाही" याचं उलट "मनात आलं की बोलून टाकता, मग वाईट वाटून घेता." बहिणीला दोन्ही पटली. ज्या विधानाचं उलटही पटतं ते बाजूला ठेवा, ते तपासण्याजोगं नाही. "कधी… तर कधी…" अशा रचनेची वाक्यं तर जन्मतःच दोन्ही बाजू सांभाळून असतात. वीसपैकी सहा पट्ट्या इथेच गेल्या.

उरलेल्यांसाठी एक काम अगदी आधी करायचं, म्हणजे कोणालाही विचारण्याच्या आधी: विधान खरं ठरण्यासाठी नेमकं काय घडलेलं असायला हवं ते लिहून काढायचं. आमच्याकडे "शिक्षणात खंड" या वाक्यावर हेच शिकायला मिळालं. पहिल्या वाचनात बहिणीने त्यावर बरोबरची खूण केली होती. मी विचारलं, तुझा खंड कधी पडला? "बारावीनंतर कॉलेज बदललं ना, तोच." तिचं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. शब्द सैल असला की आपण आयुष्यातून त्याच्या मापाचं काहीतरी शोधून आणतो, आणि हे इतक्या सहज होतं की आपण ताणतोय हे जाणवतही नाही. मग आम्ही पट्टीच्या मागे लिहिलं: खंड म्हणजे किमान एक शैक्षणिक वर्ष कुठेही प्रवेश नसणं. त्याबरोबर ते विधान चुकीचं ठरलं. 'लहान वयात' म्हणजे पंधराच्या आत, 'दूर' म्हणजे आईवडील नसलेल्या घरात सलग सहा महिने. हे विधान मात्र टिकलं, ती सातवीपासून वसतिगृहात होती.

दहा जणांना विचारा

आता तीच विधानं अशा दहा लोकांना विचारा ज्यांच्या पत्रिकेशी त्या विधानांचा काही संबंध नाही. वय आणि परिस्थिती साधारण सारखी असावी. तिशीतल्या बाईचा फलादेश सत्तरीच्या आजोबांना विचारून उपयोग नाही. हे पत्रिकेतलं आहे असं सांगू नका, नुसतं "हे तुम्हाला लागू आहे का, हो की नाही?" एवढंच विचारा. पट्टीमागची व्याख्याही वाचून दाखवा.

बहिणीने ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या दहा जणींना विचारलं. कष्टाच्या मानाने उशिरा फळ, दहापैकी नऊ. पोट किंवा पाठ, आठ. जमिनीचा वाद, सात, आणि त्यात नवल नाही. ज्या घराण्याकडे कधीकाळी जमीन होती तिथे भावकीत वाटणीचा वाद निघतोच. लहान वयात घरापासून दूर, एक.

निम्म्याहून जास्त लोक ज्याला हो म्हणतात ते विधान तुमच्याबद्दल खरं असलं तरी वजनाचं नाही, कारण ते पत्रिका न बघताही लिहिता आलं असतं. ते काढून टाका. उरलेली, म्हणजे थोड्याच लोकांना लागू होणारी, विधानं फलादेशाचा खरा ऐवज. आमच्याकडे अशी पाच उरली आणि त्यातली दोन बहिणीला लागू होती. तिला पहिल्या वाचनात वीसपैकी अठरा पटली होती.

योगही मोजून घ्या

फलादेशात ग्रहांची नावं आली की विधान एकदम खास वाटू लागतं. ते किती लोकांच्या वाट्याला येतं हे मात्र पत्रिकेच्याच नियमांनी मोजता येतं, आणि ज्योतिष शिकणाऱ्याने हे एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

साडेसाती घ्या. चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीत शनी असला की साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना ती असतेच, ढोबळमानाने चारातल्या एका माणसाला. मार्च २०२५ च्या अखेरीस शनी मीन राशीत आला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या राशी साडेसातीत आहेत. चौथ्या आणि आठव्या शनीची पनोती धरली तर धनू आणि सिंहही आल्या, म्हणजे बारापैकी पाच. "सध्या शनीमुळे अडचणीचा काळ आहे" हे वाक्य शंभरातल्या चाळीसेक लोकांना नियमाप्रमाणेच सांगता येतं, आणि अडचण कोणाला नसते?

मंगळाचंही तसंच. लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असेल तर मंगळाची पत्रिका, म्हणजे बारापैकी पाच स्थानं, शंभरात साधारण ४२. काही जण लग्नाबरोबर चंद्रापासूनही मोजतात, मग आकडा ६६ च्या आसपास जातो. शुक्रापासूनही मोजलं तर ८० च्या घरात. म्हणून "मंगळ आहे" हे ऐकल्यावर विचारायचं, कुठून मोजला?

खरी परीक्षा: सहा फलादेश, नावं झाकून

इथपर्यंतची पायरी एकट्याला करता येते, पण तिच्यात एक उणीव आहे. आपला फलादेश कोणता हे आपल्याला माहीत असतं, आणि ते माहीत असताना मन निःपक्ष राहत नाही. त्यावर उपाय एकच, ओळख पुसून टाकायची.

सहा माणसं जमवा. एकाच लिंगाची, वयात चार-पाच वर्षांहून जास्त फरक नको, एकमेकांच्या आयुष्याची साधारण सारखी पार्श्वभूमी असावी. सहाही जणांचे फलादेश एकाच ज्योतिषाकडून किंवा एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच पद्धतीने घ्या. यात कोणाला फसवायचं नाही; सहाही पत्रिका खऱ्या आहेत आणि हवं तर लिहिणाऱ्याला प्रयोगाची कल्पना द्या.

मग परीक्षेत नसलेल्या सातव्या माणसाने सगळे फलादेश एकसारखे टाइप करावेत आणि ओळखीच्या खुणा काढाव्यात. हे काम दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. राशी, नक्षत्र, ग्रह, दशांची वर्षं ही उघड नावं तर जातीलच. पण उपायही जायला हवेत, कारण "शनिवारी मारुतीला तेल" म्हटलं की साडेसाती कळते आणि पोवळं सुचवलं की मंगळ. "येत्या दोन वर्षांत संततीयोग" यातून लग्न झालेली कोण हे उघड होतं. मराठीत आणखी एक फट आहे: "हळव्या", "एकटे" या रूपांतूनच स्त्री की पुरुष कळतं, म्हणून सहाही जण एकाच लिंगाचे असलेले बरे.

सहा प्रतींवर चिठ्ठी टाकून क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरं द्यावीत आणि कोणतं अक्षर कोणाचं हे बंद पाकिटात ठेवावं. पाकीट सातव्याकडेच राहील आणि निवड चालू असताना तो खोलीत नसेल. प्रत्येकाने सहाही वाचावेत, एकमेकांशी न बोलता आपला वाटणारा एकच निवडावा आणि कागदावर लिहून द्यावा. दोघांनी एकच अक्षर निवडलं तरी चालेल. सगळ्यांचे कागद आल्यावरच पाकीट उघडायचं.

ज्यांना आपली रास आणि तिचा स्वभाव पाठ आहे असे लोक शक्यतो घेऊ नका. "वृश्चिक म्हणजे मनात ठेवणारे" हे लहानपणापासून ऐकलेला माणूस स्वतःकडे तसंच बघायला शिकलेला असतो आणि त्या छापाचा मजकूर उचलतो. तिथे जुळणी खरी दिसेल, पण ती ऐकीव माहितीमुळे झालेली असेल.

किती बरोबर आले तर मानायचं

ही रेघ पाकीट उघडण्याआधी ओढायची. नंतर ओढली तर ती आपल्या निकालाच्या जरा अलीकडेच पडते.

सहा जणांनी डोळे मिटून अक्षर निवडलं तरी सरासरी एकाचं बरोबर येणार. दोन किंवा जास्त बरोबर येणं असं नुसत्या योगायोगाने दर चार प्रयोगांत एकदा घडतं. तीन किंवा जास्त, शंभरात सहा वेळा. चार किंवा जास्त, शंभरात एकदाही जेमतेम. म्हणून सहा जणांच्या प्रयोगात मी चारची रेघ धरतो.

आमच्या पहिल्या फेरीत दोन बरोबर आले, बहीण आणि तिची एक सहकारी. घरात आनंद झाला, आणि मलाही झाला हे मान्य करतो. पण रेघ चारची होती, म्हणून दुसऱ्या सहा जणींना घेऊन पुन्हा केलं. त्यात एक बरोबर आला. दोन्ही फेऱ्या मिळून बारापैकी तीन. नुसत्या योगायोगाने दोन अपेक्षित होते, आणि तीन किंवा जास्त येणं दर तीन प्रयोगांत एकदा होतंच. बारा जणांत सहा आले असते तर ती वेगळी गोष्ट होती, कारण तसं योगायोगाने शंभरात एकदाही होत नाही.

बहिणीने आपला कागद वसतिगृहाच्या वाक्यावरून ओळखला होता. ते वाक्य चांगलं आहे, दहांत एकालाच लागू होणारं. पण वीस वाक्यांत एखादं दुर्मीळ वाक्य असं बसतंच, आणि त्याच फलादेशात शिक्षणाचा खंड चुकला होता. दुर्मीळ आणि बरोबर ठरलेल्या विधानांबरोबर दुर्मीळ आणि चुकलेली विधानंही त्याच वहीत लिहा.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. फलादेशात अगदी पुसट खरेपणा असेल, समजा सहात एकाऐवजी चारात एकाला आपला ओळखता येत असेल, तर सहा-बारा माणसांत तो दिसणार नाही. त्याला शंभर-दोनशे पत्रिका लागतात. असा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या, त्यातली शंभर मुलं हुशार आणि शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची ते विचारलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून पन्नास टक्के बरोबर आली असती, त्यांची ४६ टक्के आली, आणि एकाचंही चाळीसपैकी चोविसाच्या वर गेलं नाही. एका संस्थेने दोनशेही पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर. हे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. त्या प्रयोगात बार्नम वाक्यांना जागाच नव्हती, कारण उत्तर दोनपैकी एक द्यायचं होतं. घरच्या प्रयोगातही विचारायचा प्रश्न जितका असा दोन टोकांचा करता येईल तितका करावा.

"जन्मवेळ चुकली असेल"

निकाल मनासारखा आला नाही की हे उत्तर येतं, आणि कधीकधी ते खरंही असू शकतं. म्हणूनच सुरुवातीला वेळेबद्दल लेखी होकार घ्यायला सांगितलं. त्यावरही कोणी आयुष्यातल्या घटनांवरून वेळ दुरुस्त करून दिली, तर त्या घटना आता पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, कारण वेळ त्यांच्यावरूनच बसवली आहे. दुरुस्त वेळेवरून नवा फलादेश घ्या, नव्या घटनांवर तपासा आणि पुन्हा सहा प्रती झाकून करा.

बहिणीच्या पत्रिकेचं आम्ही तेच करतो आहोत. दुरुस्त वेळ नऊ मिनिटांनी मागे गेली आहे. नव्या फलादेशातून आतापर्यंत चार दुर्मीळ विधानं निघाली, त्यांच्या व्याख्या पट्ट्यांमागे लिहून झाल्या आणि पाकीट यावेळी शेजारच्या काकूंकडे दिलं आहे.